कानातील घट्ट मळ तेलाने मऊ करताना: घरी काय करावे आणि कुठे थांबावे

कानातील मळ म्हणजे घाण नव्हे. कानाच्या नळीच्या बाहेरील भागातील ग्रंथी तो तयार करतात, आणि धूळ अडवणे, त्वचा कोरडी पडू न देणे व जंतूंना वाव न देणे ही त्याची कामे असतात. नळीची त्वचा आतून बाहेरच्या दिशेने अतिशय संथपणे सरकत असते. बोलताना आणि जेवताना जबडा हलतो, त्याचाही या सरकण्याला हातभार लागतो, आणि जुना मळ आपोआप कानाच्या तोंडाशी येऊन गळून पडतो. काहींच्या बाबतीत हा प्रवास अडतो. नळी अरुंद असणे, वयानुसार मळ कोरडा होणे, कानात केस अधिक असणे, श्रवणयंत्र किंवा इयरफोन तासन्‌तास कानात राहणे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कापसाची काडी, केसांची पिन किंवा कानकोरणे घालून मळ उलट आत ढकलणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. असा अडकलेला, वाळून खडा झालेला मळ तेलाच्या थेंबांनी मऊ करता येतो. त्याची सुरक्षित पद्धत आणि तिच्या मर्यादा या लेखात दिल्या आहेत. हे लेखन प्रौढ व्यक्तींसाठी आहे. लहान मुलांच्या कानात तेल घालायचे असल्यास आधी डॉक्टरांना कान दाखवावा.

तेलाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी

पहिला प्रश्न तेल कोणते घ्यावे हा नसून, कान खरोखर मळानेच बंद झाला आहे का, हा आहे. मळाने कान बंद होण्याची एक ओळखीची कहाणी असते: आदल्या दिवसापर्यंत सारे ठीक असते, डोक्यावरून आंघोळ होते किंवा अंबाझरीकडच्या एखाद्या तलावात पोहणे होते, आणि त्यानंतर एका कानाला अचानक दडे बसतात. याचे कारण असे की वाळलेला मळ पाणी शोषून फुगतो आणि नळीत उरलेली शेवटची फटही बुजवतो. कान जड वाटतो, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, बाहेरचे आवाज दुरून आल्यासारखे वाटतात, पण दुखत नाही.

अडचण अशी की अगदी याच प्रकारे, अचानक आणि न दुखता, आतल्या कानाची नसही बाधित होऊ शकते. अचानक येणारा नसेचा बहिरेपणा ही तातडीची बाब आहे. त्यावरील स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकू येणे परतण्याची शक्यता अधिक असते. घरोघरी होणारा सर्वांत महागडा घोटाळा हाच असतो. “मळ असेल” असे समजून आठवडाभर तेल घातले जाते, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

या दोन गोष्टींमध्ये अंदाजाने फरक करण्याची एक सोपी चाचणी आहे, आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. शांत खोलीत बसावे, तोंड मिटावे आणि एका सुरात “म्‌म्‌म्‌” असा गुंजारव करावा. मळाने किंवा अन्य अडथळ्याने कान बंद असेल तर हा गुंजारव बंद वाटणाऱ्या कानातच मोठा ऐकू येतो. चांगल्या कानात बोट घालून गुंजारव केल्यास याचा अनुभव लगेच येतो, कारण बोटानेही तसाच अडथळा निर्माण होतो. याउलट नसेचा दोष असेल तर गुंजारव चांगल्या कानाकडे सरकलेला वाटतो. ही चाचणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही, आणि ज्यांचे दोन कान आधीपासूनच कमीजास्त ऐकतात त्यांच्यात ती फसवी ठरते. तरीही गुंजारव चांगल्या कानात ऐकू येत असेल, किंवा एका कानाचे ऐकू येणे तासाभरात वा रातोरात एकदम गेले असेल आणि पाण्याचा काहीही संबंध नसेल, तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

दुसरा प्रश्न कानाच्या पडद्याचा. पडद्याला छिद्र असेल तर तेल मधल्या कानात जाते, आणि तिथे ते संसर्गाला आमंत्रण देते. छिद्र आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही, म्हणून जुन्या इतिहासावरून अंदाज करावा लागतो. घरातील व्यक्तीला नेमके प्रश्न विचारावेत. लहानपणी किंवा नंतर कधी कान वाहत होता का? कानाची शस्त्रक्रिया झाली होती का, पडद्यात नळी बसवली होती का? कानशिलात बसल्यावर किंवा फटाक्याच्या आवाजानंतर कान दुखून रक्त आले होते का? आंघोळीचे पाणी कानात गेले की लगेच कान वाहू लागतो का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर “हो” असेल तर त्या कानात घरी काहीही घालू नये. “पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे” हे समाधान येथे चालत नाही, कारण पडद्याचे छिद्र पन्नास वर्षे तसेच राहू शकते.

सध्या कान दुखत असेल, वाहत असेल, ताप असेल, चक्कर येत असेल, तरीही तेल घालू नये. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते त्यांनी त्या कानावर घरगुती प्रयोग करू नयेत. मधुमेह असलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलाने कानात तुरीचा दाणा, मणी किंवा घड्याळाची गोल बॅटरी घातल्याची शंका असेल तर तेल किंवा पाणी दोन्ही वर्ज्य आहेत. बॅटरीच्या बाबतीत तर काही तासांतच कानाची त्वचा जळते, त्यामुळे थेट रुग्णालय गाठावे.

कोणते तेल, आणि किती गरम

साधे, शुद्ध, सुवास न मिसळलेले ऑलिव्ह तेल किंवा बदाम तेल यासाठी चालते. ज्यांना बदाम किंवा इतर सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी बदाम तेल टाळावे. येथे एक सूचना आवश्यक आहे: दुकानात “बदाम” नावाने मिळणाऱ्या केसांच्या तेलांत बहुधा खनिज तेल, सुगंध आणि रंग मिसळलेले असतात, आणि ती कानासाठी नव्हेत. बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. तीत तेलाखेरीज दुसरे काही असेल तर ती बाटली डोक्यासाठी ठेवावी. मोहरीचे तेल कानात घालू नये, कारण त्यातील तिखट द्रव्य नळीच्या नाजूक त्वचेला जळजळ करते. लसणाची पाकळी तळून ते तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिचा मळावर काही विशेष उपयोग होत नाही आणि भाजण्याची भीती मात्र खरी असते.

औषधांच्या दुकानात मळ विरघळवण्याचे तयार थेंबही मिळतात. त्यांत अनेकदा पॅराडायक्लोरोबेन्झीन, टर्पेन्टाइन तेल आणि बेन्झोकेन हे घटक असतात. बेन्झोकेन हे बधिर करणारे द्रव्य असल्यामुळे ते दुखणे झाकते, आणि दुखणे ही तर या साऱ्या उपायातली सर्वांत उपयोगी सूचना आहे. म्हणून माझ्या मते नवख्या माणसाने साध्या तेलापासून सुरुवात करावी. सोड्याचे थेंब, तेल किंवा नुसते पाणी, यांपैकी कोणताही एक पदार्थ इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस असल्याचे आजवरच्या चाचण्यांतून दिसलेले नाही, त्यामुळे महागड्या बाटलीमागे धावण्याचे कारण नाही.

आता तापमानाविषयी, आणि याबाबत नागपूरकरांनी विशेष सावध राहिले पाहिजे. “तेल खोलीच्या तापमानाला असावे” ही सूचना सर्वत्र दिलेली आढळते. ती थंड प्रदेशात ठीक असेल. आपल्या शहरात खोलीचे तापमान मे महिन्यात आणि जानेवारीत दोन टोकांना असते. कानाची नळी आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाच्या अगदी जवळ आहे. शरीराच्या 37 अंशांपेक्षा बरेच थंड किंवा बरेच गरम द्रव नळीत गेले की त्या भागातील द्रव हलू लागतो आणि माणसाला सारे फिरल्यासारखे वाटते. तोल तपासण्यासाठी डॉक्टर जाणीवपूर्वक अशीच चक्कर आणतात. त्या चाचणीत 30 अंश आणि 44 अंश तापमानाचे पाणी वापरण्याची पद्धत आहे. मे महिन्यात 44 अंशांच्या दुपारी खिडकीत ठेवलेली बाटली, किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिक्कीत राहिलेली बाटली, नेमकी त्या तापमानाला किंवा त्याच्याही वर असते, आणि जानेवारीच्या पहाटे तीच बाटली 30 अंशांच्या कितीतरी खाली गेलेली असते. थेंबांचे प्रमाण थोडे असल्याने परिणाम चाचणीइतका तीव्र होत नाही, पण वृद्ध व्यक्ती उठताना तोल जाऊन पडण्यास तेवढा पुरेसा ठरू शकतो.

म्हणून तेल अंगाच्या उष्णतेइतके करून घ्यावे. हिवाळ्यात बंद बाटली कोमट पाण्याच्या वाटीत काही मिनिटे उभी ठेवावी, किंवा मुठीत धरून बसावे. उन्हाळ्यात बाटली कूलरच्या खोलीत, सावलीत ठेवावी आणि कानात घालण्यापूर्वी एक थेंब मनगटाच्या आतील बाजूवर टाकून पाहावा. तो गरमही वाटू नये आणि थंडही वाटू नये. गॅसवर, पळीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये तेल कधीही गरम करू नये, कारण तेलाचे तापमान बोटाला कळण्याआधीच ते भाजण्याच्या पातळीला पोहोचलेले असते. खोबरेल तेलाविषयी नेहमी विचारले जाते. ते साधारण 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे नागपूरच्या हिवाळ्यात बाटलीतच त्याचा गोळा होतो आणि ते गरम करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा वर्षभर पातळ राहणारे तेल घेणे सोयीचे.

थेंब घालण्याची पद्धत

तेल घालण्यासाठी नवा, स्वच्छ ड्रॉपर घ्यावा. नाकाच्या किंवा डोळ्यांच्या जुन्या औषधाचा ड्रॉपर धुऊन वापरू नये. शक्य असल्यास दुसऱ्या कोणाकडून थेंब घालून घ्यावेत, कारण स्वतःच्या कानात थेंब मोजता येत नाहीत.

बाधित कान वर येईल अशा रीतीने कुशीवर झोपावे. डोक्याखाली जुना टॉवेल ठेवावा, कारण तेल आणि विरघळलेला मळ दोन्ही उशीला डाग पाडतात. मदत करणाऱ्याने हात धुऊन कानाची पाळी वरच्या बाजूला आणि किंचित मागे ओढावी. प्रौढांच्या कानाची नळी सरळ नसते, आणि असे ओढल्याने ती बऱ्यापैकी सरळ होते. मग ड्रॉपरचे टोक कानाला न टेकवता, नळीच्या तोंडावर अंतर ठेवून, 2 ते 3 थेंब सोडावेत. थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळत गेले तर चांगले, कारण मधोमध पडलेला थेंब आत अडकलेल्या हवेवर तसाच बसून राहतो आणि मळापर्यंत पोहोचत नाही.

थेंब गेल्यावर कानाच्या छिद्रासमोर, गालाच्या बाजूला जो लहानसा उंचवटा असतो, तो बोटाने हलकेच काही वेळा दाबून सोडावा. त्यामुळे तेल आत सरकते आणि अडकलेली हवा बाहेर येते. अनेकांना या वेळी एखादा बारीक बुडबुडा फुटल्याचा आवाज येतो. त्यानंतर पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहावे. मग सावकाश उठून बसावे, कान खाली करून बाहेर येणारे जास्तीचे तेल टिश्यूने किंवा मऊ कापडाने फक्त बाहेरून पुसावे. कानात कापसाचा बोळा कोंबू नये. तो तेल शोषून घेतो आणि ज्या कामासाठी तेल घातले ते होतच नाही.

हे दिवसातून तीन ते चार वेळा, तीन ते पाच दिवस करावे. नोकरीमुळे ते जमत नसेल तर निदान सकाळी आणि रात्री तरी करावे. दोन्ही कान बंद असतील तरी एका वेळी एकाच कानावर उपाय करावा आणि तो पूर्ण झाल्यावर दुसऱ्याकडे वळावे. याचे कारण पुढे येईलच: तेलाने काही काळ ऐकू येणे आणखी कमी होते, आणि दोन्ही कान एकदम बंद करून दुचाकीवर वर्धा रोडवर उतरणे शहाणपणाचे नाही.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी थेंब शक्यतो झोपण्यापूर्वी, यंत्र काढून ठेवल्यानंतर घालावेत. तेल यंत्राच्या आवाजाच्या छिद्रात गेले तर यंत्र बिघडते, म्हणून सकाळी कान बाहेरून पुसून, तेल ओघळत नाही याची खात्री करूनच ते पुन्हा लावावे.

एका कानाचे पाच दिवस

पद्धत वाचणे आणि प्रत्यक्षात ती पार पाडणे यांत फरक पडतो, म्हणून माझ्या आत्यांच्या कानाचे उदाहरण देतो. त्यांचे वय साठीच्या पुढे आहे, महाल भागात राहतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, मधुमेह नाही. शनिवारी डोक्यावरून आंघोळ केल्यानंतर त्यांच्या उजव्या कानाला दडे बसले. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता. गुंजारव केल्यावर आवाज उजव्या कानात मोठा येत होता. लहानपणी कान वाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते, आणि त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन करून विचारले तेव्हा तिनेही “नाही” म्हटले. असा दुसऱ्याकडून खुलासा करून घेणे उपयोगी पडते, कारण बालपणीचे दुखणे आपल्याला स्वतःला आठवेलच असे नाही. आदल्या आठवड्यात कापसाची काडी वापरल्याचे मात्र त्यांनी मान्य केले.

शनिवारी रात्री पहिले थेंब घातले. त्याआधी मोजमापासाठी एक साधी गोष्ट केली: कानाजवळ अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून तो खसखस आवाज ऐकू येतो का ते पाहिले. डाव्या कानाला हात लांब नेला तरी येत होता, उजव्या कानाला अगदी लागून धरला तरी येत नव्हता. रोज सकाळी हीच परीक्षा घ्यायची ठरले, म्हणजे “जरा बरे वाटते” अशा मोघम बोलण्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

रविवारी दुपारी आत्या वैतागल्या. “होता तेवढाही कान गेला, बंद कर हे तेल!” असे त्या म्हणाल्या. बहुतेक लोक इथेच उपाय सोडतात. वस्तुतः हे अपेक्षित असते: वाळलेला मळ तेल शोषून आधी फुगतो, उरलेली फट बुजते आणि कान आधीपेक्षा जास्त बंद होतो. अशा वेळी पाहायचे ते एवढेच, की केवळ ऐकू येणे कमी झाले आहे की त्याबरोबर दुखणे, चक्कर किंवा स्राव आहे. त्यांना यांतले काहीही नव्हते, म्हणून थेंब चालू ठेवले.

मंगळवारी सकाळी टॉवेलवर तपकिरी ओघळ दिसला, आणि कानाच्या तोंडाशी मऊ, खजुराच्या गरासारखा एक लहान तुकडा आला. तो बाहेरून कापडाने टिपून घेतला. आत राहिलेला भाग काडीने ओढण्याचा मोह आवरावा लागला, कारण मऊ मळ काडीने अगदी सहज आत जातो आणि पडद्यावर जाऊन चिकटतो. बुधवारी खसखस कानाजवळ धरल्यावर ऐकू येऊ लागली. गुरुवारी तेल थांबवले. या टप्प्यावर सुमारे अर्धा फरक पडला होता.

तेल थांबवल्यावरही मऊ झालेला मळ पुढील एक-दोन आठवडे थोडाथोडा बाहेर येत राहतो, म्हणून त्यांना आठवडाभर थांबायला सांगितले होते. त्यानंतरही कान पूर्ण मोकळा झाला नाही, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी दुर्बिणीतून पाहून, पडदा शाबूत असल्याची खात्री करून, सक्शनने उरलेला गोळा काढला, आणि मळ आधीच मऊ असल्यामुळे ते न दुखता काही मिनिटांत झाले. तेलाकडून ठेवायची अपेक्षा एवढीच आहे. काही कान तेवढ्यानेच मोकळे होतात, आणि जे होत नाहीत त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचे काम सोपे होते.

धोक्याच्या खुणा

तेल घातल्यावर कान काही काळ बंद वाटणे, आत खळबळ जाणवणे, उशीवर तपकिरी डाग पडणे, हे सारे चालते. पुढील गोष्टी मात्र चालत नाहीत.

तेल घातल्याबरोबर आत तीव्र कळ आली, किंवा काही वेळाने घशात तेलाची चव जाणवली, तर ताबडतोब थांबावे. मधल्या कानापासून घशाच्या मागे एक नळी जाते. कानातील तेल घशात पोहोचले याचा अर्थ पडद्याला छिद्र आहे. ही खूण फारशी कोणाला माहीत नसते, आणि वृद्ध माणसे “तोंडाला तेलकट लागतंय” असे सहज बोलून जातात. त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

थंड थेंबाने काही सेकंद गरगरल्यासारखे वाटणे वेगळे, आणि उठल्यानंतरही खोली फिरत राहणे, उलटी होणे, चालताना एका बाजूला झुकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात तेल थांबवून त्याच दिवशी तपासणी करावी. चक्करेबरोबर एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले असेल, तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हात-पाय लुळे वाटत असतील, तर हा कानाच्या मळाचा विषयच नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कानातून रक्त, पिवळट-हिरवा किंवा दुर्गंधी स्राव येणे, पाळी ओढल्यावर किंवा समोरचा उंचवटा दाबल्यावर दुखणे, ताप येणे, आणि कानामागील हाड लाल होऊन सुजणे, या संसर्गाच्या खुणा आहेत. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला तर रात्र असली तरी वाट पाहू नये. मधुमेही वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: झोप उडवणारे, रात्री वाढणारे, साध्या गोळ्यांनी न थांबणारे कानदुखणे हे हाडापर्यंत पसरणाऱ्या गंभीर संसर्गाचे असू शकते.

आणि खाज. कोरडा कान थोडा खाजतो, पण तेल घालून काही दिवसांनी खाज वाढत गेली, कान ओलसर आणि भरल्यासारखा राहू लागला, आणि कानाच्या तोंडाशी भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा करडा-पांढरा लगदा व त्यावर काळे ठिपके दिसले, तर ती बुरशी असते. तिला उष्णता आणि दमटपणा हवा असतो. नागपुरात जुलै-ऑगस्टची हवा तशी असतेच, आणि उन्हाळ्यात बंद खोलीत चालणारा कूलरही तशी हवा तयार करतो. त्यात नळीत साचलेले तेल मिळाले की बुरशीचे फावते. तिला मळ समजून आणखी तेल घालण्याची चूक सर्रास होते. म्हणूनच पाच दिवसांची मर्यादा काटेकोर पाळावी, आणि “दर रविवारी कानात तेल” हा नेम निरोगी कानासाठी चालवू नये. बाळाच्या मालिशीनंतर कानात तेल सोडण्याच्या पद्धतीलाही हेच लागू आहे, मग मालिश करणाऱ्या मावशींनी कितीही आग्रह केला तरी.

मळ निघाला नाही तर

पाच दिवस तेल आणि त्यानंतर एक-दोन आठवडे वाट पाहूनही कान बंद असेल, तर पुन्हा तेलाचा दुसरा फेरा घरीच सुरू करू नये. कदाचित अडथळा मळाचा नसेलच. सर्दीने मधल्या कानात साचलेले पाणी, नळीतील सूज किंवा पडद्यामागील जुना आजार हेही तसेच दडे बसवतात, आणि ते फक्त कानात पाहूनच कळते. पिचकारीने पाण्याचा जोरदार फवारा घरी मारू नये. मळाआड पडद्याचे छिद्र लपलेले असू शकते आणि फवाऱ्याचा दाब चांगल्या पडद्यालाही इजा करू शकतो. कानात उभी करून पेटवायची मेणबत्ती मळ ओढून काढत नाही. तिच्यामुळे भाजण्याची आणि मेण आत गळण्याची उदाहरणे आहेत. बर्डीवर किंवा जत्रेत सळई-कापूस घेऊन कान साफ करणाऱ्यांकडे जाणेही टाळावे, कारण त्यांना पडदा दिसत नाही आणि तीच सळई एका कानातून दुसऱ्याच्या कानात जाते.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले “मेडिकल”, तसेच “मेयो” म्हणून ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स, या तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जावे. जाताना वापरलेल्या तेलाची किंवा थेंबांची बाटली सोबत न्यावी, आणि कान कधी बंद झाला, किती दिवस काय घातले, दुखणे किंवा स्राव होता का, हे एका कागदावर लिहून न्यावे. निघण्यापूर्वी त्या सकाळी कानात तेल घालू नये, नाहीतर डॉक्टरांना दुर्बिणीतून तेलाचा तवंगच दिसतो आणि पडदा दिसत नाही.

कान एकदा मोकळा झाल्यावर पहिले दोन दिवस आवाज टोचल्यासारखे वाटतात, ते आपोआप कमी होते. ज्यांना वारंवार मळ साचतो, विशेषतः श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना, त्यांनी वर्षातून किती वेळा आणि कोणत्या अंतराने तेल घालावे हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावे, कारण ते नळीची रुंदी आणि पडद्याची अवस्था पाहूनच ठरते.